बिल्डरच्या स्टेटमेंटमधली ४८,८६२ रुपयांची बाकी : प्रकल्प नोंदी

५ नोव्हेंबर २०२४

दिवाळीच्या फराळाला आतेभावाकडे गेले आणि चकलीबरोबर एक फाइल हातात आली. दादा-वहिनींनी पुण्याच्या पश्चिम भागात बांधकाम चालू असलेल्या इमारतीत नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतलाय. बिल्डरचं ३१ ऑक्टोबरचं स्टेटमेंट आलंय आणि त्यात बाकी दाखवलीय ४,२६,८६२ रुपये. सोबतच्या पत्रात लिहिलंय की रक्कम वेळेत भरली नाही तर व्याज चालू राहील. वहिनींचं म्हणणं, "अगं, आम्ही एकही हप्ता चुकवलेला नाही. नवीन हप्ता पावणेचार लाखांचा, मग वरचे पन्नास हजार कुठून आले?"

मी नोकरीत दिवसभर हेच करते, दोन खाती समोरासमोर ठेवून फरक शोधणं. तरी घर घेणाऱ्याच्या बाजूने बिल्डरचं स्टेटमेंट पहिल्यांदाच बघतेय. फाइल घेऊन आले. नोंदी इथे ठेवतेय, कारण अजून पाच टप्पे बाकी आहेत आणि दर वेळी हेच करावं लागणार आहे.

फाइलमध्ये आहे ते : नोंदणीकृत करारनामा, बुकिंग फॉर्म, सगळी डिमांड लेटर, पावत्या (काही छापील, काही ईमेलवरच्या), गृहकर्जाच्या खात्याचा उतारा. बचत खात्याचा उतारा नाही, तो मागवला. टीडीएसची चलनं आहेत, पण टीडीएस भरल्याचे दाखले, म्हणजे फॉर्म १६बी, फक्त सुरुवातीच्या टप्प्यांचे दिसतात.

७ नोव्हेंबर

आज स्टेटमेंटला हात न लावता आधी करारनामा वाचला. हिशेब तपासणारे बहुतेक जण स्टेटमेंटपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात, कारण त्यातली "देय तारीख" बिल्डरने घातलेली असते. पैसे कधी देणं लागतं हे ठरवतो तो नोंदणीकृत दस्त. इंडेक्स टू या नोंदणीच्या सारांश-उताऱ्यातही टप्पे नसतात, त्यासाठी दस्ताच्या आतलं हप्त्यांचं कलम उघडावं लागतं.

मोबदला ७२ लाख. टप्पे महारेराच्या नमुना करारासारखेच आहेत. त्या नमुन्यात प्रत्येक टप्प्यापर्यंत *एकूण* किती टक्के घेता येतील याची कमाल मर्यादा दिलेली असते : करारानंतर ३० टक्के, जोते पूर्ण झाल्यावर ४५, सगळे स्लॅब पूर्ण झाल्यावर ७०, फ्लॅटच्या भिंती, आतला गिलावा, फरशी, दारे-खिडक्या पूर्ण झाल्यावर ७५, मग ८०, ८५, ९५ आणि उरलेले भोगवटा प्रमाणपत्रानंतर ताबा देताना. दादांच्या करारात हीच शिडी आहे. फक्त स्लॅबचे २५ टक्के पाच समान भागांत पाडलेत : ३रा, ६वा, ९वा, १२वा आणि १५वा स्लॅब. पंधरावा म्हणजे गच्चीचा, शेवटचा.

एक शब्द मुद्दाम तपासला. कलमात "पूर्ण झाल्यावर" असं आहे की "सुरू झाल्यावर"? काही करारांत स्लॅबचं काम "सुरू होताना" हप्ता देय होतो असं घातलेलं असतं आणि मग पुढचा सगळा वाद तिथेच संपतो. इथे प्रत्येक टप्प्याला "पूर्ण झाल्यावर" आहे, आणि मागणीपत्रासोबत आर्किटेक्टचा दाखला जोडायचा आहे. मागणीपासून १५ दिवसांत पैसे भरायचे.

रेरा कायद्याच्या कलम १३ प्रमाणे करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. दादांनी नोंदणीआधी ७,२०,००० म्हणजे बरोबर १० टक्के दिले होते. तिथे काही म्हणण्यासारखं नाही.

८ नोव्हेंबर

आपला तक्ता तयार केला. प्रत्येक टप्प्याला चार आकडे वेगळे ठेवले : मुद्दल, त्यावरचा ५ टक्के जीएसटी, मुद्दलाच्या १ टक्का टीडीएस, आणि बिल्डरच्या खात्यात प्रत्यक्ष जायची रक्कम. (फ्लॅट ४५ लाखांच्या वरचा असल्यामुळे परवडणाऱ्या घरांचा १ टक्का जीएसटी इथे लागत नाही.)

एका ५ टक्क्यांच्या स्लॅब-हप्त्याचं उदाहरण :

| | रुपये |
|---|---|
| मुद्दल (७२ लाखांचे ५ टक्के) | ३,६०,००० |
| जीएसटी | १८,००० |
| डिमांड लेटरवरची एकूण रक्कम | ३,७८,००० |
| वजा टीडीएस (आयकर खात्यात) | ३,६०० |
| बिल्डरला प्रत्यक्ष | ३,७४,४०० |

बिल्डरचं स्टेटमेंट नावे टाकतं ३,७८,००० आणि जमा दाखवतं बँकेत आले तेवढे. मधले ३,६०० कोणीतरी वेगळे जमा केल्याशिवाय हा हप्ता त्यांच्या दृष्टीने कधीच "पूर्ण" होत नाही. हे दादांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "पण ते तर मी सरकारला भरले!" भरले, पण ते बिल्डरच्या वतीने भरले, आणि बिल्डरच्या पुस्तकात ते जमा व्हायला त्यांना कागद लागतो.

१० नोव्हेंबर

बचत खात्याचा उतारा आला. आता पावत्या, बँक आणि स्टेटमेंट अशी तिहेरी जुळवणी.

पद्धत साधी आहे. प्रत्येक पावतीवरचा यूटीआर, म्हणजे त्या बँक व्यवहाराचा स्वतंत्र क्रमांक, बँकेच्या उताऱ्यात शोधायचा, मग तोच स्टेटमेंटमध्ये. रकमेवरून जुळवायचं नाही. कारण दादांच्या बाबतीत स्लॅबचे पाचही हप्ते सारखेच आहेत आणि प्रत्येक हप्ता दोन तुकड्यांत गेलाय : बँकेने कर्जातून ३,५६,४०० दिले आणि जीएसटीचे १८,००० दादांनी बचत खात्यातून भरले. म्हणजे १८,००० ची पाच एनईएफटी, सगळ्या दिसायला एकसारख्या.

पहिले तीन टप्पे (४५ टक्क्यांपर्यंत) चोख जुळले. मागणी ३४,०२,०००, बँकेतून गेले ३३,६९,६००, टीडीएस ३२,४०० जमा. जोत्याच्या वेळी बँकेने पे ऑर्डर दिली होती, ती बिल्डरच्या खात्यात आठवड्याने वटली. पावतीवर वटल्याची तारीख आहे. तेव्हा व्याज लावलं नाही, पण लावू शकले असते, हे लक्षात ठेवायला हवं. त्यानंतर सगळं आरटीजीएसने गेलंय.

करारानंतरचा २० टक्क्यांचा हप्ता मात्र दादांनी खरंच नऊ दिवस उशिरा भरला होता. त्यावरही व्याज लावलेलं नाही. दादा म्हणाले, हे तक्त्यात दाखवू नकोस. मी दाखवलंय. समोरच्याच्या हातात तारखा आहेतच. आपल्या तक्त्यात गाळलं तर बाकीच्या रकान्यांवरचा विश्वासही जाईल.

११ नोव्हेंबर

स्लॅबचे हप्ते. दादांच्या बँकेतून गेले पाच गुणिले ३,७४,४०० म्हणजे १८,७२,०००. स्टेटमेंटमध्ये जमा १८,५४,०००. फरक १८,०००.

पहिला अंदाज टीडीएसचा होता, कारण पाच हप्त्यांचा टीडीएस ५ × ३,६०० = १८,००० बरोबर होतो. आकडा इतका नेमका बसला की तिथेच थांबण्याचा मोह होतो. पण टीडीएस तर मी बँकेच्या आकड्यात धरलेलाच नाही. १८,७२,००० मध्ये तो नाही. म्हणजे टीडीएसचे १८,००० वेगळे जमा व्हायला हवेत आणि हे १८,००० वेगळे गायब आहेत. दोन अठरा हजार.

यूटीआर लावत गेल्यावर दुसरे सापडले. १२व्या स्लॅबचे पैसे मार्च २०२४ मध्ये गेले. बँकेचे ११ तारखेला, दादांची जीएसटीची एनईएफटी १२ तारखेला. या १२ मार्चच्या पावतीचा क्रमांक बाकी पावत्यांच्या मालिकेतला नाही, आणि वर "तपशील" च्या ओळीत लिहिलंय "देखभाल आगाऊ". स्टेटमेंटच्या दुसऱ्या पानावर "इतर शुल्क" असा भाग आहे, त्यात देखभाल, वीजजोडणी, कायदेशीर खर्च वगैरे. ताब्याच्या वेळी द्यायच्या या रकमांपुढे सगळीकडे शून्य जमा, फक्त देखभालीपुढे १८,०००. पैसे हरवलेले नाहीत, भलत्या खात्यात जाऊन बसलेत. पावती आली तेव्हा रक्कम बरोबर होती, म्हणून ती ओळ कोणी वाचली नाही.

१३ नोव्हेंबर

टीडीएस. पाचही हप्त्यांचे २६क्यूबी, म्हणजे घरखरेदीवरचा टीडीएस भरायचे फॉर्म, भरलेत. दादा-वहिनी दोघे खरेदीदार असल्याने प्रत्येक वेळी दोन फॉर्म, प्रत्येकी १,८००. पैसे दिले त्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवस ही मुदत, ती सगळ्यांनी पाळलीय. पण पहिल्या तीन टप्प्यांनंतर ट्रेसेस या आयकर खात्याच्या टीडीएस पोर्टलवरून फॉर्म १६बी काढून बिल्डरला पाठवायचं राहून गेलं. बिल्डर २६एएस या आपल्या करजमेच्या उताऱ्यात हे पैसे स्वतः पाहू शकतो, पण त्यांच्याकडे शेकडो फ्लॅट. १६बी आल्याशिवाय जमा करत नाहीत.

वहिनींना सगळे दहा १६बी काढायला सांगितले. त्यांच्या पॅनने ट्रेसेसवर नोंदणी होती, दादांच्या पॅनने नव्हती, ती केली. प्रत्येक फॉर्मवर बिल्डरचा पॅन आणि कर वजा केल्याची तारीख तपासली.

जाता जाता : कार्यालयात एकाने विचारलं, दोघांचा हिस्सा ३६-३६ लाख, मग ५० लाखांच्या आत नाही का? नाही. मर्यादा पूर्ण फ्लॅटच्या किमतीला लागते, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून तर कलम १९४-आयएमध्ये ते स्पष्टच लिहिलंय.

१४ नोव्हेंबर

आता उरले १२,८६२. स्टेटमेंटमध्ये ओळ फक्त "विलंब व्याज". कशावर, किती दराने, किती दिवसांचं, काही नाही. उलटं काढलं. १५व्या स्लॅबची डिमांड २८ मार्च २०२४ ची, १५ दिवस धरून देय तारीख १२ एप्रिल. पैसे गेले २० जूनला. मधले ६९ दिवस. दर बदलून बघितले तर अठराला आकडा तंतोतंत बसला :

```
=ROUND(378000*18%*69/365,0)
```

उत्तर १२८६२.

दर चुकलाय हे तर लगेच दिसतं. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे व्याज स्टेट बँकेचा सर्वात जास्त एमसीएलआर, म्हणजे कर्जाचा आधारदर, अधिक २ टक्के, आणि कायद्याने बिल्डर खरेदीदाराकडून घेतो तोच दर त्याने द्यायच्या व्याजालाही लागतो. त्या काळात तो दर अकराच्या आसपास होता. करारातही हेच कलम आहे. त्या दराने व्याज आठ हजारांच्या आत येतं.

पण दरावर भांडायच्या आधी मुळात उशीर झाला होता का हे बघायचंय. वहिनी म्हणाल्या, "बँकेनेच एप्रिलमध्ये पैसे सोडले नव्हते." का, हे त्यांना आठवत नव्हतं.

१६ नोव्हेंबर

महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडून तिमाही माहितीतले आर्किटेक्टचे दाखले, म्हणजे फॉर्म १, उतरवून घेतले. हा कागद फ्लॅट घेणारे फारसे बघत नाहीत. त्यात प्रत्येक विंगसाठी कामांची यादी असते आणि समोर किती टक्के झालं ते : खोदकाम, जोते, पोडियम, स्टिल्ट, वरचे स्लॅब, मग आतल्या भिंती-गिलावा-फरशी-दारे-खिडक्या, मग सॅनिटरी, जिने, लिफ्टच्या विहिरी आणि पुढचं. हप्त्यांच्या कलमातली भाषा आणि या यादीतली भाषा जवळजवळ एकच आहे. त्यामुळे दोन कागद शेजारी ठेवले की टप्पा टप्प्याला लागतो.

३१ मार्च २०२४ च्या फॉर्म १ मध्ये आपल्या विंगचे स्लॅब ८० टक्के. १५ चे ८० टक्के म्हणजे १२. आणि १५वा स्लॅब पूर्ण म्हणून मागणी गेली २८ मार्चला!

तरी नुसत्या टक्केवारीवर मी हे प्रकरण उभं करणार नाही. फॉर्म १ मधले आकडे ठोकळ असतात, कोणी ८० लिहितो, कोणी ८२. शिवाय "काम झालं पण दाखल्यात उशिरा आलं" असं उत्तर येऊ शकतं. अजून एक पुरावा हवा.

२८ मार्चच्या डिमांडला जोडलेला आर्किटेक्टचा दाखला काढला. छापील नमुना, खाली सही-शिक्का, आणि मजकूर : पंधराव्या स्लॅबचं काम "प्रगतिपथावर". त्यावर पेन्सिलने काहीतरी अधोरेखित केलेलं आहे, बहुधा बँकेच्या माणसाने.

१८ नोव्हेंबर

दादा बँकेच्या शाखेत जाऊन आले. कर्ज विभागातल्या बाईंनी फाइल काढून दाखवली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात बँकेचा व्हॅल्युअर साइटवर गेला होता आणि त्याच्या अहवालात "१२ स्लॅब पूर्ण, १३व्याचं शटरिंग चालू" असं आहे. म्हणून हप्ता रोखला. अहवालाची प्रत द्यायला नकार दिला, पण हप्ता का रोखला याची एक ओळीची ईमेल पाठवली. तेवढं पुरे.

जूनच्या दाखल्याप्रमाणे १५वा स्लॅब ६ जूनला भरला. तिथून १५ दिवस म्हणजे २१ जून. दादांचे पैसे गेले २० जूनला. उशीर शून्य दिवस. १८ टक्के की ११ टक्के हा प्रश्नच उरत नाही.

१९ नोव्हेंबर

आता नवीन मागणी, १४ ऑक्टोबरची. ९वा टप्पा, ५ टक्के, एकूण ७५. डिमांडवर लिहिलंय "अंतर्गत गिलावा पूर्ण". करारात या टप्प्याला भिंती, गिलावा, फरशी, दारे आणि खिडक्या, *सदर सदनिकेच्या*, पूर्ण झाल्यावर असं आहे. गिलावा हा त्यातला एक भाग.

ही गफलत कुठून आली ते बुकिंग फॉर्म उघडल्यावर समजलं. त्यावर छापलेल्या पेमेंट प्लॅनमध्ये ९वा टप्पा "अंतर्गत गिलावा – ५%" असाच आहे. नोंदणीच्या वेळी करार महारेराच्या नमुन्याप्रमाणे झाला, पण बिल्डरच्या सॉफ्टवेअरमध्ये बुकिंगचा प्लॅन तसाच राहिला असणार. पहिल्या आठ टप्प्यांत दोन्ही सारखे होते म्हणून फरक दिसला नाही. इथून पुढे प्रत्येक टप्प्याला दिसेल.

३० सप्टेंबरच्या फॉर्म १ मध्ये या कामाची टक्केवारी बरीच खाली आहे. पण ती पूर्ण विंगची सरासरी, आणि आपला टप्पा आपल्या फ्लॅटचा आहे. खालचे मजले तयार आणि वरचे कोरे असंही असू शकतं. या टप्प्यापासून फॉर्म १ पुरत नाही, डोळ्यांनीच बघावं लागतं. उद्या मतदानाची सुट्टी, पण साइटही बंद. शनिवारी जायचं ठरलं.

२३ नोव्हेंबर

साइट. सुरक्षारक्षकाने हेल्मेट दिलं, लिफ्ट नाही, नऊ मजले पायी. दादा सहाव्यावर थांबले.

गिलावा खरंच पूर्ण आहे, कोपरे सरळ, ते मान्य. हॉलमध्ये फरशी बसलीय, अजून सांधे भरलेले नाहीत. दोन्ही बेडरूममध्ये सिमेंटचा कोबा. खिडक्यांना ग्रॅनाइटच्या चौकटी लागल्यात, अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या नाहीत. हॉलच्या खिडकीला निळं प्लास्टिक. मुख्य दाराची चौकट आहे, पल्ला नाही. आतल्या दारांच्या चौकटीही एका खोलीत नाहीत. प्रत्येक खोलीचे तारखेसह फोटो घेतले, आणि पहिल्या फोटोत दाराबाहेरचा फ्लॅट क्रमांक येईल असं बघितलं, नाहीतर "हा तुमचा फ्लॅट कशावरून" असं होतं.

साइट इंजिनिअर भला माणूस. म्हणाला, "मॅडम, फरशी डिसेंबरअखेर होऊन जाईल. डिमांड आम्ही काढत नाही, ती ऑफिसातून जाते."

२५ नोव्हेंबर

बिल्डरच्या लेखा विभागाला ईमेल, दादांच्या नावाने. तक्रारीचा सूर मुद्दाम टाळला. ४,२६,८६२ चे चार तुकडे करून प्रत्येकाला कागद जोडला :

टीडीएस १८,००० : दहा फॉर्म १६बी जोडलेत, जमा करावेत. चुकीच्या खात्यातले १८,००० : यूटीआर आणि पावती जोडलीय, देखभालीतून मोबदल्याच्या जीएसटीकडे वळवावेत. व्याज १२,८६२ : दाखला, फॉर्म १ आणि बँकेची ईमेल, देय तारीख २१ जून २०२४ करून व्याज उलटवावं. नववा टप्पा ३,७८,००० : कराराचं कलम आणि फोटो, काम पूर्ण झाल्यावर दाखल्यासह नवी मागणी द्यावी.

बेरीज परत ताळ्यावर येते का बघितलं. १८,००० + १८,००० + १२,८६२ + ३,७८,००० = ४,२६,८६२. एक रुपयाही अधांतरी नाही. हे जमलं नसतं तर मी ईमेल पाठवली नसती.

३ डिसेंबर

फोन आला, बिल्डरच्या ग्राहक विभागातल्या मुलीचा. टीडीएस आणि चुकलेली पावती लगेच मान्य. व्याजाबद्दल म्हणाली, "सिस्टीम ऑटो काढते, आणि करारात लिहिलंय की कंपनी तुमचे पैसे कुठल्याही बाकीत वळवू शकते."

कलम खरंच आहे. महारेराच्या नमुन्यातही आहे : खरेदीदाराने भरलेली रक्कम प्रवर्तक कुठल्याही शीर्षकाखाली वळती करू शकतो, आणि खरेदीदाराने हरकत घ्यायची नाही. पण त्याच वाक्यात आहे की *कायदेशीर* येण्यासमोर. टप्पा पूर्ण नसताना मागितलेल्या पैशांवरचं व्याज हे कायदेशीर येणं होत नाही, म्हणून ते वळवायचा प्रश्नच येत नाही. मी तिला कलम वाचून दाखवलं. ती म्हणाली वरिष्ठांना विचारते. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता, तिने प्रामाणिकपणे निरोप पोचवला.

१० डिसेंबर

सुधारित स्टेटमेंट आलं. दोन्ही अठरा हजार जागेवर. व्याजापुढे "सदिच्छा सूट १२,८६२".

दादा खूश. मी नाही. सूट म्हणजे व्याज लागलं होतं आणि त्यांनी माफ केलं. स्टेटमेंटमध्ये आठव्या टप्प्याची देय तारीख अजून १२ एप्रिलच आहे आणि "विलंब ६९ दिवस" तसंच. उद्या ताब्याला उशीर झाला आणि दादांनी व्याज मागितलं, तर हाच कागद पुढे करून "तुम्हीही हप्ता चुकवलात" म्हणतील. परत लिहिलं : सूट नको, देय तारीख दुरुस्त करून नोंद उलटवा.

नवव्या टप्प्यावर त्यांनी मधला मार्ग सुचवला, गिलाव्याचे ३ टक्के आता, उरलेले २ फरशीनंतर. वहिनींना यात गैर वाटलं नाही, काम तर झालंय. माझं मत वेगळं पडलं आणि ते सांगितलं : करारात हा टप्पा फोडलेला नाही. एकदा ईमेलवर फोडायला हो म्हटलं की पुढच्या टप्प्यांनाही बुकिंग फॉर्मचा प्लॅन लागू झाल्यासारखं होईल. शिवाय बँकही करारातल्या टप्प्यानेच पैसे सोडते, म्हणजे ते ३ टक्के दादांना खिशातून घालावे लागतील. शेवटी निर्णय त्यांचा. त्यांनी नाही कळवलं.

१९ डिसेंबर

तिसरं स्टेटमेंट. आठव्या टप्प्याची देय तारीख २१ जून, विलंब शून्य, व्याजाची नोंद उलटवलेली. चूक झाली असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि त्याची गरजही नाही. नववी मागणी "स्थगित". जमा ५२,९२,०००, ज्यात टीडीएस ५०,४०० आणि जीएसटी २,५२,०००. माझ्या तक्त्यातही हेच. ७२ लाखांचे ७० टक्के म्हणजे ५०,४०,००० मुद्दल, पूर्ण भरलेलं.

या स्टेटमेंटची ताळमेळ म्हणून लेखी पुष्टी मागितली, ती ईमेलवर आली. छापून फाइलच्या सुरुवातीला लावली.

६ जानेवारी २०२५

नवी मागणी आली, दाखल्यासह, या वेळी कलमातले सगळे शब्द आहेत. वहिनी काल जाऊन बघून आल्या : फरशी पूर्ण, खिडक्या लागल्या, दारांना पल्ले. एका बाथरूमच्या दाराला कडी नाही. ती यादीत लिहिली, त्यासाठी हप्ता अडवायचा नाही.

बँकेला कागद गेले. पैसे याच महिन्यात गेले तर २६क्यूबीची मुदत २ मार्च. दोन फॉर्म, प्रत्येकी १,८००, आणि १६बी निघाले की त्याच दिवशी बिल्डरला पाठवायचे, हे काम आता वहिनींकडे. जीएसटीची एनईएफटी करताना शेऱ्यात "फ्लॅट क्रमांक, टप्पा ९, जीएसटी" लिहायचं आणि पावती आली की तपशिलाची ओळ वाचायची.

दहाव्या टप्प्यात सॅनिटरी फिटिंगबरोबर "सदर सदनिकेच्या मजल्यापर्यंतचे" जिने, लिफ्टची विहीर आणि लॉबी आहेत. बुकिंग फॉर्ममध्ये त्याला नुसतं "प्लंबिंग" म्हटलंय. सॉफ्टवेअरमधला प्लॅन बदलला का, असं विचारलं होतं. उत्तर अजून आलेलं नाही. त्याची आठवण फेब्रुवारीत करायची.